चॅटबॉट-उत्तरांची प्रतवारी : नियमावली व परीक्षकांचे एकमत

चॅटबॉटने दिलेले उत्तर चांगले की वाईट, हे माणसांकडून ठरवून घेताना परीक्षकांच्या हाती जी लेखी नियमावली दिली जाते तिला व्यवहारात ‘गाइडलाइन’ म्हणतात. ती पुरेशी स्पष्ट आहे का, हे पाहण्यासाठी दोन किंवा अधिक परीक्षकांना तीच उत्तरे स्वतंत्रपणे तपासायला देतात आणि त्यांचे शेरे कितपत जुळतात ते मोजतात. शेरे जुळत नसतील तर दोष बहुधा परीक्षकाचा नसून नियमाचा असतो.

कोकणातले एक कल्पित उदाहरण घेऊ. मच्छीमार आणि आंबा बागायतदार यांच्यासाठी केलेल्या मराठी चॅटबॉटची १०० उत्तरे दोघांना तपासायला दिली. एक मालवणची, मच्छीमार घरातली. दुसरा देवगडचा, हापूसच्या बागेत वाढलेला. ८० उत्तरांना दोघांनीही ‘चांगले’ म्हटले, ४ उत्तरांना दोघांनीही ‘वाईट’. नऊ उत्तरे फक्त तिला वाईट वाटली, सात फक्त त्याला. म्हणजे एकमत ८४ टक्के, आणि तिथेच समाधान मानून काम पुढे रेटले जाते.

हा आकडा फसवा आहे. बहुतेक उत्तरे चांगलीच असतील, तर न वाचता ‘चांगले’ लिहीत सुटलेले दोघेही पुष्कळदा जुळतील. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलेला कप्पा हा निर्देशांक योगायोगाने होणारे हे जुळणे वजा करतो. मालवणच्या परीक्षिकेने एकूण ८७ उत्तरांना चांगले म्हटले, देवगडच्याने ८९ उत्तरांना. या प्रमाणावरून निव्वळ योगायोगाचे एकमत ०.८७ × ०.८९ + ०.१३ × ०.११, म्हणजे सुमारे ०.७९ निघते, म्हणून

```
कप्पा = (०.८४ − ०.७९) ÷ (१ − ०.७९) ≈ ०.२४
```

पूर्ण एकमत असेल तर कप्पा १ येतो, योगायोगाइतकेच असेल तर ०. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७ च्या बहुचर्चित पट्टीवर ०.२४ म्हणजे जेमतेम एकमत. (ती पट्टीही त्यांनी अंदाजानेच आखली होती; तिच्या सीमारेषा फार मनावर घेऊ नयेत.) साध्या भाषेत सांगायचे तर, तिने १३ उत्तरे वाईट ठरवली, त्याने ११, आणि दोघांच्या यादीत सामायिक निघाली अवघी चार. चॅटबॉट कुठे चुकतो हेच शोधायचे असेल तर अशी यादी कुचकामी.

मग आकडा बाजूला ठेवून न जुळलेली सोळा उत्तरे एकेक करून वाचावी लागतात. खरे काम इथे असते. एक प्रश्न असा होता : ‘जूनमध्ये होडी समुद्रात नेली तर चालेल काय?’ उत्तर आले : ‘१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नेऊ नये.’ तारखा बरोबर, सल्ला सावध, म्हणून देवगडच्याने ‘चांगले’ लिहिले. मालवणच्या परीक्षिकेने ‘वाईट’ लिहिले, कारण पावसाळी बंदी यांत्रिक नौकांना असते. वल्ह्याच्या पारंपरिक होडीला ती लागू नाही, आणि विचारणाऱ्याची होडी कुठली हे चॅटबॉटला माहीतच नव्हते. नियमावलीत फक्त ‘उत्तर अचूक व उपयुक्त असावे’ एवढेच होते. त्या वाक्याच्या आधारे दोघांचेही बरोबर!

दुरुस्त नियम असा झाला : ‘न सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवरून उत्तर बदलत असेल, तर उत्तराने ती विचारावी किंवा दोन्ही शक्यता सांगाव्यात, एकच शक्यता सरसकट सांगितली तर वाईट.’ त्याखाली होडीचेच उदाहरण, दोन्ही तऱ्हेच्या उत्तरांसह, जोडले. आणखी काही मतभेद मालवणीत विचारलेल्या प्रश्नांना प्रमाण मराठीत आलेल्या उत्तरांवरून होते. भाषा आणि मजकूर एकाच शेऱ्यात कोंबल्याने तो गोंधळ झाला होता; भाषेसाठी वेगळा रकाना केल्यावर मिटला.

दुसरी फेरी नव्या १०० उत्तरांवर घ्यावी लागते. जुनीच उत्तरे दिली तर चर्चा आठवून शेरे जुळतात आणि नियम सुधारल्याचा भास होतो. तपासताना परीक्षकांनी आपसात बोलायचे नाही, हेही त्याच कारणासाठी. समजा, आता ७८ उत्तरे दोघांना चांगली वाटली, १४ वाईट, आणि चार-चार ठिकाणी मतभेद राहिला. एकमत ९२ टक्के, म्हणजे फक्त आठ टक्क्यांची वाढ; पण कप्पा ०.७३ वर जातो. दोघांच्याही १८-१८ वाईट उत्तरांपैकी १४ आता सामायिक आहेत.

वाईट उत्तरे मोजकीच असतील तर एक-दोन शेऱ्यांनीही कप्पा बराच हलतो, म्हणून नमुन्यात शंकास्पद उत्तरे मुद्दाम जास्त घेणे बरे. परीक्षक दोनाहून अधिक असतील किंवा काही शेरे रिकामे असतील तर क्रिपेनडॉर्फ यांचा अल्फा हा कप्प्यासारखाच निर्देशांक वापरतात.

एकमत म्हणजे अचूकता मात्र नव्हे. दोन्ही परीक्षक बागायतदार असते तर होडीच्या उत्तराला दोघांनीही बिनदिक्कत ‘चांगले’ म्हटले असते आणि कप्पा वाढला असता. म्हणून काही उत्तरे जाणकाराकडून आधीच तपासून घेतात, न सांगता गठ्ठ्यात मिसळतात आणि प्रत्येक परीक्षकाचे शेरे त्यांच्याशी ताडून पाहतात. मासेमारीच्या प्रश्नांना जाणकार कोण आणि तुडतुड्यांवरच्या फवारणीच्या प्रश्नांना कोण, हेही नियमावलीतच लिहिलेले असावे लागते.