बॉसने विचारायचं कधी आणि नुसतं सांगायचं कधी?

‘तुमची जन्मतारीख सांगते तुम्ही कुठल्या टाईपचे लीडर’ असले मेसेज फिरत असतात आणि शिकलेली माणसंही ते पुढे पाठवतात. तारखेचा आणि नेतृत्वाचा काडीचाही संबंध नाही. पण मला जास्त खटकतं ते त्यामागचं गृहीतक, की माणूस एकतर हुकूम सोडणारा असतो नाहीतर सगळ्यांना विचारून चालणारा, आणि तो कायम तसाच राहतो.

१९५८ साली रॉबर्ट टॅननबाम आणि वॉरन श्मिट या दोघांनी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये एक लेख लिहिला, त्यात त्यांनी एक सरळ पट्टी मांडली. एका टोकाला साहेबाचा अधिकार जास्त, दुसऱ्या टोकाला टीमचं स्वातंत्र्य जास्त, आणि मध्ये मिळून सात टप्पे. सोयीसाठी चारच धरू: सांगणं, पटवणं, विचारणं आणि सामील होणं. यात माणसाला नाही, तर त्या त्या निर्णयाला पट्टीवर जागा द्यायची. एकच माणूस सकाळी एका टोकाला आणि दुपारी दुसऱ्या टोकाला असू शकतो आणि दोन्ही वेळा बरोबर असू शकतो.

हॉस्पिटलचा एक वॉर्ड समजा, एक इन्चार्ज सिस्टर आणि हाताखाली दहा नर्स. पेशंटचं हृदय बंद पडलं तर सिस्टर सांगणार, तू छाती दाब, तू डॉक्टरला फोन कर. तिथे मत विचारत बसायला वेळच नाही, आणि लोकांनाही त्या क्षणी स्पष्ट हुकूमच हवा असतो. औषधांची ट्रॉली कशी लावायची हा प्रश्न मात्र विचारण्याचा, कारण रोज हात घालणाऱ्या नर्सना जे माहीत असतं ते सिस्टरला नसतं, पण चूक टाळायचे नियम सांभाळायचे असल्याने शेवटचा शब्द सिस्टरचा.

आणि महिन्याच्या नाइट ड्युट्या? इथे सिस्टर सामील होऊ शकते, पण आधी कुंपण घालून. रोज रात्री दोघी हव्यातच, त्यातली एक अनुभवी हवी, सलग तीन नाइटनंतर सुट्टी हवी. तीस रात्री गुणिले दोन म्हणजे साठ ड्युट्या, दहा जणींत प्रत्येकीला सहा. एवढं फळ्यावर लिहायचं आणि म्हणायचं, या चौकटीत तुम्ही जे ठरवाल ते मी मान्य करणार, माझं मत तुमच्यातल्या एकीइतकंच. ज्यांना रात्र काढायची आहे त्यांनीच वाटून घेतलेली असल्यामुळे हा चार्ट टिकायची शक्यता जास्त. हां, दहापैकी आठ जणी नवीन असतील तर ‘एक अनुभवी’ची अट दोघींच्याच अंगावर येते, त्यांना महिन्यात पंधरा-पंधरा रात्री, म्हणजे चौकटच बसत नाही. अशा वेळी हा निर्णय टीमवर सोडणं म्हणजे न सुटणारं गणित त्यांच्या गळ्यात मारणं. आधी सिस्टरने वर जाऊन माणसं मागायची.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. या पट्टीच्या साधारण मध्यावर एक सांधा आहे. त्याच्या अलीकडे साहेब उत्तर घेऊन येतो, मग ते कच्चं असेल, बदलायची तयारीही असेल. पलीकडे तो फक्त प्रश्न घेऊन येतो. बाहेरून दोन्ही मीटिंगा सारख्याच दिसतात, सगळे बोलतात, वहीत काहीतरी लिहिलं जातं. पण उत्तर आधी ऐकलं की लोकांची डोकी त्याच उत्तराभोवती फिरतात, त्यातल्या दुरुस्त्या सुचवतात, वेगळा रस्ता फारसा कुणी काढत नाही. म्हणून नवीन कल्पना खरंच हव्या असतील तर स्वतःचं उत्तर खिशात ठेवून आधी प्रश्न मांडावा लागतो, आणि साहेबाने शेवटी बोलावं लागतं.

घोटाळा होतो तो मनात ‘पटवणं’ असताना तोंडाने ‘विचारतोय’ म्हटल्यावर. हे ओळखायची खूण सोपी आहे: मीटिंगनंतर मूळ प्रस्तावातली एकही ओळ बदलली नाही आणि का नाही बदलली हेही कुणी सांगितलं नाही. एकदा माफ होतं, पण दोन-तीनदा झालं की सूचना येणं बंद होतं आणि साहेबाला वाटतं लोकांनाच रस नाही. टॅननबाम आणि श्मिट यांनीही हेच बजावलं होतं, की आपण कुठला अधिकार स्वतःकडे ठेवतोय आणि कुठला देतोय हे आधीच स्वच्छ सांगा. ठरलं असेल तर ‘हे ठरलंय, कारण असं असं, आता अंमलात कसं आणायचं ते बोलू’ म्हणावं, लोक ते जास्त सहज घेतात.

बरं, पट्टीवर कुठेही उभं राहिलं तरी जबाबदारी सरकत नाही. नर्सनी मिळून केलेल्या चार्टमुळे एखाद्या रात्री वॉर्डात एकच जण उरली, तर वर उत्तर द्यायला सिस्टरच जाणार, आणि ‘त्यांनी ठरवलं होतं’ हे तिथे चालत नाही. म्हणून स्वातंत्र्य देण्याआधी तिने स्वतःला विचारायचं, यातून निघणारा सगळ्यात वाईट चार्टसुद्धा मी माझ्या सहीने वर पाठवू शकेन का? नसेल तर कुंपण अजून नीट घातलेलं नाही, किंवा हा निर्णय पट्टीवर एक घर अलीकडचा आहे.