मिठाची बरणी आणि माशाच्या तेलाची कुपी

गरोदरपणात रोज 250 मायक्रोग्रॅम आयोडीन मिळावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एरवी प्रौढ व्यक्तीला 150 मायक्रोग्रॅम पुरते. या वाढीव गरजेमागे कारण आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भाची थायरॉइड ग्रंथी काम करू लागलेली नसते, त्यामुळे त्याच्या मेंदूच्या घडणीसाठी लागणारे संप्रेरक आईलाच तयार करावे लागते. त्यातच या काळात मूत्रावाटे आयोडीन जास्त बाहेर पडते आणि पुढे गर्भाच्या ग्रंथीलाही त्याचा वाटा द्यावा लागतो.

मल्टिव्हिटॅमिनच्या जोडीला आयोडीनची वेगळी गोळी हवी की नको, याचे उत्तर बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच सापडते. ग्राहकापर्यंत पोहोचणाऱ्या आयोडीनयुक्त मिठात दर ग्रॅममागे किमान 15 मायक्रोग्रॅम आयोडीन असावे, असा आपल्याकडचा नियम आहे. समजा, एका शाकाहारी गर्भवतीच्या पोटात दिवसाला 8 ग्रॅम मीठ जाते. त्यातून 120 मायक्रोग्रॅम आयोडीन येते आणि शिजवताना सुमारे पाचवा हिस्सा उडाला, तर उरते 96. हा किमान आकडा झाला. चांगल्या मिठात प्रमाण याहून अधिक असते आणि दूध-दह्यातूनही थोडी भर पडते. यात 150 मायक्रोग्रॅम आयोडीन असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी मिळवली, की गरज भागते. त्यावर आणखी आयोडीनची स्वतंत्र गोळी घेण्यात काही अर्थ नाही. मात्र ‘नैसर्गिक’ म्हणून त्याच घरात फक्त सैंधव किंवा साधे खडे मीठ वापरत असतील, तर हिशेबातले 96 जवळजवळ पुसले जातात, कारण या मिठांत सहसा आयोडीन मिसळलेले नसते. तेव्हा आधी मिठाची पिशवी बदलावी.

गोळीचे लेबलही नीट वाचावे लागते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीत आयोडीन नसते. बाजारातल्या सगळ्या मल्टिव्हिटॅमिनमध्येही ते असतेच असे नाही. लेबलवर पोटॅशियम आयोडाइडचे वजन दिले असेल, तर त्यातले सुमारे तीन चतुर्थांशच आयोडीन समजावे. समुद्रशैवालाच्या गोळ्या मात्र टाळाव्यात, कारण त्यांतले प्रमाण बेभरवशाचे असते आणि आयोडीनचा अतिरेक थायरॉइडला कमतरतेइतकाच बिघडवू शकतो. थायरॉइडसाठी थायरॉक्सिनची गोळी चालू असलेल्या स्त्रीला तर सहसा वेगळ्या आयोडीनची गरजच नसते. लघवीतले आयोडीन तपासून एका व्यक्तीची कमतरता ठरवता येत नाही. ते रोज इतके बदलते, की ती चाचणी लोकसमूहापुरतीच कामाची आहे.

तीव्र कमतरतेत आयोडीनचा लाभ निर्विवाद आहे, सौम्य कमतरतेत मात्र चित्र तितके स्पष्ट नाही. बेंगळुरू आणि बँकॉक येथे सौम्य कमतरता असलेल्या 832 गर्भवतींपैकी काहींना रोज 200 मायक्रोग्रॅम आयोडीन, तर इतरांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. मुले पाच-सहा वर्षांची झाल्यावर तपासले, तेव्हा दोन्ही गटांच्या बौद्धिक विकासात फरक आढळला नाही. हे निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले.

माशाच्या तेलाची जाहिरात ‘हुशार बाळा’च्या नावाने होते, आणि नेमका तोच दावा सर्वांत लंगडा आहे. ऑस्ट्रेलियात सुमारे 2,400 गर्भवतींवर झालेल्या चाचणीत माशाच्या तेलातले डीएचए हे ओमेगा-3 प्रकारचे मेदाम्ल रोज 800 मिलिग्रॅम देऊनही मुलांची बौद्धिक क्षमता वाढली नाही. बेळगावच्या चाचणीत 400 मिलिग्रॅम देऊन पाहिले, तिथेही वर्षाच्या बाळांच्या विकासात फरक दिसला नाही. खरा संभाव्य लाभ वेगळाच आहे. 70 चाचण्या एकत्र तपासणाऱ्या 2018 च्या कॉक्रेन आढाव्यात ओमेगा-3 घेतलेल्यांमध्ये 34 आठवड्यांआधीच्या प्रसूतींचे प्रमाण 4.6 वरून 2.7 टक्क्यांवर आलेले दिसले. पुढच्याच वर्षी साडेपाच हजारांहून अधिक गर्भवतींच्या एका मोठ्या चाचणीत मात्र असा लाभ आढळला नाही. नंतर तिच्याच आकड्यांचे बारकाईने विश्लेषण केले, तेव्हा ज्यांच्या रक्तात ओमेगा-3 कमी होते त्यांना उपयोग झालेला दिसला, आणि ज्यांच्यात ते आधीच भरपूर होते त्यांच्यात लवकर प्रसूतीचा धोका उलट थोडा वाढलेला दिसला.

म्हणूनच आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खाणाऱ्या कोकणातल्या गर्भवतीने कुपीवर पैसे घालवण्याचे कारण नाही; मुशीसारखे मोठे शिकारी मासे तेवढे तिने पाऱ्यामुळे टाळावेत. मासे न खाणारीची गोष्ट वेगळी आहे. जवस आणि अक्रोडातल्या ओमेगा-3 पासून शरीर डीएचए फारच थोडे बनवते, त्यामुळे डॉक्टरांशी बोलून शैवालापासून काढलेले 200 मिलिग्रॅम डीएचए घेणे तिच्यासाठी रास्त ठरते. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ते बहुधा नसते, किंवा नाममात्र असते. कुपीवरचा ‘1000 मिलिग्रॅम’ हा आकडा तेलाच्या वजनाचा असतो. साध्या कुपीत त्यातले डीएचए जेमतेम 120 मिलिग्रॅम भरते. आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल ही आजीच्या काळापासूनची बाटली गरोदरपणात कपाटातच राहू द्यावी, कारण त्यात अ जीवनसत्त्व इतके असते, की जास्त झाल्यास गर्भात व्यंग निर्माण होऊ शकते.