विलंबदंडाची स्वतंत्र नोंद

आयकर विवरणपत्र मुदतीनंतर भरल्यास लागणारी दंडवजा रक्कम कर्जावरील नेहमीच्या व्याजात न मिसळता वेगळ्या खात्यात लिहिण्याची हिशेबपद्धती. बँकेचे व्याज हा धंद्याचा खर्च असून तो नफ्यातून वजा होतो. ही रक्कम होत नाही.

या भेदाचे मूळ बहुधा 1961 च्या हाजी अझीझ खटल्यापर्यंत नेले जाते. नियमाविरुद्ध आयात केलेले खजूर सोडवण्यासाठी भरलेला दंड हा व्यापाराचा खर्च नव्हे, असे त्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. पुढे महालक्ष्मी शुगर मिल्सच्या निकालात (1980) उसावरील उपकर उशिरा भरल्याचे व्याज मात्र नुकसानभरपाईच्या स्वरूपाचे ठरून वजावटीस पात्र झाले. आयकरावरील व्याजाला ही सवलत नाही. भारत कॉमर्स निकालानुसार (1998) ते कराचाच भाग ठरते आणि आयकर वजा होत नसल्याने तेही होत नाही. आयकर कायदा 1961 च्या कलम 234F खालील विलंबशुल्क दंड की शुल्क, यावर मतभेद संभवतो. मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये टीडीएस विवरणपत्राच्या विलंबासाठीचे कलम 234E दंडाचे नसून शुल्काचे मानले होते. तरी स्वतःच्या आयकराच्या विवरणपत्रापोटीचे शुल्क नफा कमावण्यासाठी झालेले नसते, हे मत अधिक ग्राह्य दिसते. जीएसटीच्या विलंबशुल्काबाबत मते अजून जुळलेली नाहीत.

उदाहरणादाखल नागपुरातील इतवारीचा एक ठोक कापडव्यापारी घेता येईल. त्याची मालकी एकट्याची, हिशेबतपासणी बंधनकारक नाही आणि उत्पन्न 5 लाखांवर आहे. आकारणी वर्ष 2024-25 चे विवरणपत्र 31 जुलै 2024 ऐवजी 20 नोव्हेंबरला भरले गेले. 40,000 रुपये कर बाकी होता. कलम 234A प्रमाणे दरमहा 1 टक्का व्याज लागते आणि अपुरा महिनाही पूर्ण धरतात. म्हणून 4 महिन्यांचे 1,600 रुपये झाले. त्याशिवाय 5,000 रुपये विलंबशुल्क लागले. बँकेच्या कॅश क्रेडिटचे वर्षाचे व्याज 86,000 रुपये होते. मुनीमाने तिन्ही रकमा व्याजखात्यात टाकल्या, तर तिथे 92,600 रुपये दिसतील आणि नफा 6,600 रुपयांनी कमी दाखवला जाईल. एकल मालकीत या दोन्ही रकमा सहसा मालकाच्या उचल खात्यात जातात. कंपनी त्या नफातोटा पत्रकात स्वतंत्र ओळीवर दाखवते आणि करपात्र उत्पन्न काढताना नफ्यात परत मिळवते.

चूक ओळखण्यासाठी बँकेचा व्याजाचा दाखला व्याजखात्याशी ताडून पाहतात. बँकेचे व्याज महिन्यागणिक कमीजास्त होत येते; त्यात नोव्हेंबरला नेमकी 5,000 ची नोंद आली, तर ती बहुतेक करभरण्याच्या चलनाची असते. चलनावर कर, व्याज आणि शुल्क यांचे रकाने वेगवेगळे असल्याने फोड तिथूनच मिळते. बँक खात्यातून मात्र 46,600 रुपये एकरकमी गेलेले दिसतात, म्हणून केवळ पासबुकावरून लिहिलेल्या वहीत ही चूक अधिक आढळते. नोंद भरणा झालेल्या वर्षाच्या, म्हणजे येथे आर्थिक वर्ष 2024-25 च्या वहीत येते.