टोकन दिलंय की संचकार? फ्लॅट नको झाल्यावर पैसे मागण्याआधी

राजारामपुरीतला जुना फ्लॅट पसंत पडला आणि मालकाला ५१ हजार दिले. कोल्हापुरात त्याला कुणी टोकन म्हणतं, कुणी संचकार, कुणी इसार. बोलण्यात हे सगळं एकच असतं, पण व्यवहार मोडला की फरक कळतो.

टोकन म्हणजे फ्लॅट दुसऱ्याला देऊ नये म्हणून दिलेली उचल. अटी अजून ठरायच्या असतात आणि व्यवहार झालाच तर ती किमतीत वळती होते. संचकारात, म्हणजेच इसारात, किंमत आणि मुदत ठरलेली असते, शिवाय 'घेणाऱ्याने माघार घेतल्यास रक्कम जप्त' असं कलम सहीनिशी असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या खटल्यात हाच भेद धरला: निव्वळ किमतीचा भाग म्हणून दिलेली रक्कम जप्त होत नाही, इसार म्हणून दिलेली आणि तसं कलम असलेली होऊ शकते. म्हणून पावतीचं शीर्षक नको, आतली वाक्यं वाचा.

समजा सौदा ४२ लाखांचा आहे, ५१ हजार यूपीआयने गेलेत आणि पावती नाही. नवव्या दिवशी बँकेने अपेक्षेपेक्षा सहा लाख कमी कर्ज मंजूर केलं. जप्तीचं काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे तुमची बाजू भक्कम आहे. ती बहुतेक वेळा स्वतःच्याच मेसेजने ढिली होते: 'आमचा इसार परत द्या' असं लिहिलं, की ती रक्कम इसार होती हे तुम्हीच मान्य केलं. एजंटकडून निरोप पाठवण्यातही धोका आहे, कारण तो मालकापर्यंत कधी आणि कसा पोचला याचा पुरावा राहत नाही. आधी मालकाला स्वतः फोन करा, मग लगेच हे पाठवा:

'काका, नमस्कार. आत्ता बोललो त्याप्रमाणे, बँकेने कर्ज कमी मंजूर केल्याने फ्लॅट घेणं आम्हाला जमणार नाही. तुम्ही आमच्यासाठी थांबलात, त्याबद्दल आभारी आहे. आजपासून फ्लॅट इतरांना दाखवायला आमची हरकत नाही. टोकनचे ५१,००० रुपये ज्या खात्यातून आले, त्याच खात्यात पंधरा दिवसांत परत करावेत ही विनंती.'

'इतरांना दाखवा' हे वाक्य सर्वांत मोलाचं, कारण मालकाचं नुकसान तिथे थांबतं. त्यानंतरही दरम्यान गिऱ्हाईक गेल्याची त्यांची तक्रार खरी असेल, तर दोन-तीन हजार सोडायची तयारी ठेवा, पण आकडा त्यांच्या तोंडून येऊ द्या.

बिल्डरकडे बुकिंग असेल तर वाटाघाटीआधी अलॉटमेंट लेटर काढा. महारेराच्या २०२२च्या नमुन्यात पंधरा दिवसांच्या आत रद्द केल्यास कपात शून्य आहे, पुढे जितके दिवस जातील तशी ती फ्लॅटच्या किमतीच्या टक्केवारीत वाढते.

जप्तीचं कलम असलं तरी करार कायद्याच्या कलम ७४ खाली वाजवीपेक्षा जास्त रक्कम अडवण्याला हरकत घेता येते. मात्र ते वकिलाच्या नोटिशीचं काम आहे, व्हॉट्सॲपवर कलमं लिहू नका. आणि पावती असेल तर पैसे खात्यात दिसेपर्यंत मूळ प्रत हातातून सोडू नका.