घुमणारा उंचवटा आणि भिंतीने पाडलेला खड्डा

मापनाचा माईक लावून खोलीत कोणता स्वर किती मोठा ऐकू येतो याचा पहिला आलेख काढला की 200 हर्ट्झच्या खालची रेघ बहुधा डोंगरदऱ्यांसारखी दिसते. ती पाहिल्यावर सगळे उंचवटे आणि सगळे खड्डे एकाच दोषाची दोन रूपे आहेत असे वाटू लागते, आणि मग उंच ते कापावे, खोल ते भरावे असा सरधोपट उपाय सुचतो. प्रत्यक्षात त्या रेघेत दोन वेगळ्या घटना मिसळलेल्या असतात. एक म्हणजे खोलीचा स्वतःचा अनुनाद, आणि दुसरी म्हणजे स्पीकरमागच्या भिंतीवरून परतलेल्या लाटेची मूळ लाटेशी होणारी बेरीज-वजाबाकी. दोन्हींना भिंतच कारण असली तरी पहिलीवर सॉफ्टवेअर चांगले चालते, तर दुसरीवर ते चालल्यासारखे भासते.

माझी ऐकण्याची खोली 4.2 मीटर लांब, 3.3 मीटर रुंद आणि विटांच्या पक्क्या भिंतींची आहे. स्पीकर एका आखूड भिंतीपासून 90 सेंटिमीटर पुढे होते आणि समोरचा सोफा मागच्या भिंतीला जवळजवळ टेकलेला होता. तक्रार अगदी नेमकी होती. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली गेली की सोफ्याखाली कोणी मोठे भांडे ठेवल्यासारखे घुमायचे, आणि सर्वांत बारीक तार मोकळी वाजली की तो सूर पातळ होऊन मागे राहायचा. पहिल्या तारेचा मूळ स्वर 41.2 हर्ट्झ आणि दुसरीचा 98 हर्ट्झ असतो, हे पुढे उपयोगी पडेल.

मोजणीसाठी यूएसबीचा मापनाचा माईक घेतला, त्याच्या अनुक्रमांकाप्रमाणे मिळणारी कॅलिब्रेशनची फाइल REW या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये भरली, आणि माईक स्टँडवर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवला. पंखा आणि एसी बंद केले, कारण त्यांचा आवाज नेमका खालच्या पट्टीत मिसळतो. नंतर एकेका स्पीकरवरून खालून वर चढत जाणारा सलग स्वर वाजवून मोजणी घेतली. आलेख पाहताना स्मूदिंग काढून टाकले, कारण ते ठेवले की अरुंद उंचवटा बुटका आणि रुंद दिसतो आणि पुढचा हिशेब चुकतो. आलेखात 41 हर्ट्झला सुमारे 9 डेसिबलचा टोकदार उंचवटा होता आणि 96 हर्ट्झच्या आसपास 12 डेसिबलचा खड्डा.

आता हे दोन वेगळे कसे ओळखायचे? पहिली खूण गणितातच सापडते. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बरोबर मावते तेव्हा खोली त्या स्वराला धरून ठेवते. ध्वनीचा वेग सेकंदाला 345 मीटर धरला, तर 345 भागिले 4.2 मीटरची दुप्पट म्हणजे 41 हर्ट्झ येतात. हा आकडा खोलीच्या लांबीचा आहे, त्यात स्पीकर कोठे आहे याचा संबंध नाही. खड्ड्याचा हिशेब मात्र स्पीकरच्या जागेपासून सुरू होतो. मागे गेलेली लाट भिंतीवर आपटून परत येताना 90 सेंटिमीटर जाण्याचे आणि तेवढेच येण्याचे अंतर जादा कापते, आणि ते जादा अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे झाले की मूळ लाट व परतलेली लाट एकमेकींना खोडतात. 345 भागिले 90 सेंटिमीटरची चौपट, म्हणजे 96 हर्ट्झ.

गणितावर विसंबून राहायचे नसेल तर स्पीकर हलवून पाहावा, आणि माझ्या मते हीच चाचणी सर्वांत खात्रीची आहे. मी स्पीकर भिंतीपासून 60 सेंटिमीटरवर सरकवले आणि पुन्हा मोजले. उंचवटा 41 हर्ट्झवरच ठाम राहिला, उलट एखाद्या डेसिबलने वाढला, कारण या अनुनादाला भिंतीजवळून जास्त जोर मिळतो. खड्डा मात्र उठून 144 हर्ट्झच्या आसपास जाऊन बसला. जो जागचा हलत नाही तो खोलीचा आणि जो स्पीकरबरोबर सरकतो तो भिंतीच्या परतीचा, असे समजावे.

तिसरी खूण काळाची आहे. प्रत्येक स्वर काळानुसार कसा विरतो ते दाखवणाऱ्या REW च्या Waterfall आलेखात 41 हर्ट्झची कड इतर स्वर विरल्यानंतरही बराच वेळ पुढे लांबत राहिलेली दिसते. तो स्वर थांबवला तरी खोली तो गात राहते, आणि कानाला जे घुमणे वाटते त्यात मोठेपणाइतकाच या रेंगाळण्याचा वाटा असतो. खड्ड्याच्या जागी अशी शेपटी नसते.

उंचवट्यावरचा उपाय सोपा आहे. REW च्या EQ खिडकीत दुरुस्तीची मर्यादा 100 हर्ट्झच्या खाली ठेवली, Individual Max Boost आणि Overall Max Boost हे दोन्ही शून्यावर आणले, आणि मिळालेला एकच फिल्टर विंडोज संगणकावर वाजणाऱ्या आवाजाला फिल्टर लावणाऱ्या Equalizer APO या सॉफ्टवेअरमध्ये भरला:

```
Filter: ON PK Fc 41.0 Hz Gain -9.0 dB Q 5.40
```

पुन्हा मोजल्यावर उंचवटा तर बसलाच, पण सोफ्यावरच्या मोजणीत शेपटीही आखडली. फिल्टरचा मध्य आणि रुंदी अनुनादाशी जुळली की तो नुसता आवाज कमी करत नाही, रेंगाळणेही भरून काढतो. मध्य दोन-तीन हर्ट्झने चुकला तर उंची कमी झालेली दिसते आणि घुमणे मात्र शिल्लक राहते, म्हणून दुसऱ्या मोजणीत Waterfall पाहणे टाळू नये.

खड्ड्याच्या बाबतीत ‘तो भरतच नाही’ असे सर्रास सांगितले जाते, पण ते काटेकोरपणे खरे नाही आणि फसगत तिथेच होते. 12 डेसिबलची वाढ दिली तर माईकजवळची रेघ खरोखर वर येते. मात्र त्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरला त्या पट्टीत सुमारे 16 पट शक्ती द्यावी लागते, आणि त्यातला मोठा भाग परतलेल्या लाटेशी झगडण्यात खर्ची पडतो. शेजारी तिरके बसलेल्या माणसाकडे परतीचा मार्ग वेगळ्या लांबीचा असतो, म्हणून त्याच्यासाठी खड्डा दुसरीकडे असतो आणि ही जादा वाढ त्याला मात्र पुरेपूर ऐकू येते. मी पहिल्यांदा नेमका हाच प्रकार केला होता. आलेख देखणा झाला आणि मोठ्या आवाजाला वूफर फडफडू लागला. खड्डा हलवायचा तो स्पीकर हलवूनच हलतो. स्पीकर भिंतीच्या जितका जवळ जातो तितका खड्डा वर सरकतो, आणि तिथे भिंतीवरचे जाड शोषक थरही काही काम करू लागतात. 60 सेंटिमीटरवर मोकळ्या बारीक तारेचा सूर पुन्हा भरीव ऐकू आला. 144 हर्ट्झचा उरलेला खड्डा मी तसाच राहू दिला आहे.

सोफा पुढे ओढला तर फिल्टरची गरजच उरणार नाही, असेही मला वाटले होते. पण या अनुनादाचा दाब भिंतीजवळ सर्वाधिक असतो आणि खोलीच्या मध्याकडे जाताना आधी अगदी सावकाश उतरतो. कान भिंतीपासून 70 सेंटिमीटरवर आले तरी जेमतेम सव्वा डेसिबल कमी होतो, आणि 3 डेसिबलसाठी मीटरभर पुढे यावे लागते. बरोबर मध्यावर, 2.1 मीटरवर, तो जवळजवळ नाहीसा होतो. तिथे आमचे जेवणाचे टेबल आहे. फिल्टर चालू असताना तिथे बसणाऱ्याला जाड तारेचा मूळ स्वर आधीच मिळत नव्हता, आता तो आणखी 9 डेसिबलने कमी मिळतो. म्हणून जेवताना गाणी लावली की मी तो फिल्टर बंद करतो.