होम स्क्रीनवर जागा ठरली की शोध संपतो

फोनवर ॲप कुठे आहे हे माहीत नसेल तर डोळे एकेक आयकॉन तपासत जातात. पडद्यावर 24 आयकॉन असले तर हवं ते सापडेपर्यंत सरासरी बारा-तेरा बघावे लागतात. 48 असले तर जवळपास दुप्पट. जागा पाठ असली की हे सगळं बदलतं. मग शोधायचं काही उरत नाही, फक्त निवडायचं असतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 साली दाखवलं की ओळखीच्या पर्यायांतून निवडताना पर्याय दुप्पट झाले तरी वेळ दुप्पट होत नाही, साधारण ठरावीक एका टप्प्यानेच वाढतो. होम स्क्रीन लावायची ती यासाठी, आणि त्याची अट एकच: आयकॉनने जागा सोडायची नाही.

निफाडच्या एका द्राक्ष बागायतदाराचा अँड्रॉइड फोन घेऊ. जानेवारीत त्याला दिवसातून अनेकदा लागतात त्या गोष्टी मोजक्याच: फोन, व्हॉट्सॲप, पानावरच्या डागाचा फोटो काढायला कॅमेरा, औषधाच्या दुकानात पैसे द्यायला स्कॅनर आणि हवामान. पहिल्या चार गोष्टी तळाच्या पट्टीत, म्हणजे डॉकमध्ये ठेवाव्यात. डॉक प्रत्येक पानावर तसाच राहतो आणि एका हाताने धरलेल्या फोनवर अंगठा तिथे सहज पोचतो. लक्ष्य जितकं जवळ आणि मोठं तितकं ते लवकर गाठता येतं, हा पॉल फिट्स यांचा 1954 सालचा नियम इथे तंतोतंत लागू पडतो. उजव्या हाताच्या अंगठ्याला सगळ्यात लांब पडतो तो वरचा डावा कोपरा. तिथे रोजचं काही नको.

स्कॅनरसाठी पैशांचं अख्खं ॲप उघडायची गरज नसते. ॲपच्या आयकॉनवर बोट दाबून धरलं की छोटी यादी येते. तिच्यात स्कॅनची ओळ असेल तर तीच ओढून स्क्रीनवर सोडायची. दर वेळी एक-दोन टॅप वाचतात.

फोल्डर करणं सोपं आहे, एक आयकॉन दुसऱ्यावर नेऊन सोडला की झालं. पण फोल्डरमुळे एक टॅप वाढतो आणि आत पुन्हा शोध सुरू होतो. म्हणून रोजचं ॲप फोल्डरमध्ये टाकू नये, आठवड्यातून एकदोनदा लागणारं टाकावं. नाव कामावरून द्यावं: ‘बँक’, ‘बाग’, ‘सरकारी’. ‘इतर’ नावाचा फोल्डर हमखास फसतो, कारण त्यात काय आहे हे आठवायला आधी बाकीच्या फोल्डरांत काय नाही ते आठवावं लागतं. फोल्डरमध्ये सहा-आठ ॲप पुरे. नवीन ॲप शेवटी टाकावं. मध्ये घुसवलं तर पुढची सगळी सरकतात आणि पाठ झालेली जागा चुकते.

विजेट म्हणजे ॲप न उघडता स्क्रीनवरच माहिती दाखवणारा चौकोन. त्याबाबत मात्र जास्त सावध राहायला हवं. स्क्रीनच्या मोकळ्या जागेवर दाबून धरलं की Widgets दिसतं. त्यातलं हवामानाचं विजेट वरच्या भागात लावावं, कारण ते बघायचं असतं, दाबायचं नसतं. निफाडला थंडीत पारा फार खाली जातो आणि पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या की नाही हे ठरवावं लागतं. नेमका त्याच वेळी विजेटवरचा आकडा रात्रीचा असू शकतो. फोन चार्जिंगला न लावता रात्रभर न हलवता पडून राहिला की अँड्रॉइड 6 पासून आलेली डोझ ही व्यवस्था बॅटरी वाचवण्यासाठी ॲपचं इंटरनेट आणि मागे चालणारी कामं रोखून धरते. एरवीसुद्धा विजेटच्या नेहमीच्या वेळापत्रकात दोन अपडेटमध्ये किमान 30 मिनिटांचं अंतर असतं. आकडा शिळा आहे का हे ओळखायला विजेटवर टॅप करून ॲप उघडावं. आतला आकडा वेगळा निघाला तर विजेट मागे पडलेलं आहे. मग सेटिंगमध्ये त्या ॲपच्या Battery या भागात Unrestricted निवडावं, बॅटरी थोडी जास्त जाईल. तरीही तो आकडा परिसराचा अंदाज असतो. सखल बागेतली पहाट त्याहून गार असू शकते, त्यामुळे शेकोटीचा निर्णय बागेत टांगलेल्या तापमापीवरच घ्यावा.

उरलेली सगळी ॲप ड्रॉवरमध्ये, म्हणजे फोनमधल्या सगळ्या ॲपच्या यादीत राहू द्यावीत. होम स्क्रीनवरून आयकॉन Remove केला तर ॲप जात नाही, Uninstall केलं तरच जातं. सॅमसंगच्या फोनवर ड्रॉवरचा क्रम वर्णानुक्रमे करावा, नाहीतर नवी ॲप शेवटी साचत जातात. क्वचित लागणारं ॲप चाळत बसण्यापेक्षा ड्रॉवरच्या शोधपट्टीत नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करणं लवकर होतं.

सगळं लावून झालं की होम स्क्रीनच्या सेटिंगमध्ये नवीन ॲप आपोआप होम स्क्रीनवर येण्याचा पर्याय बंद करावा. सॅमसंगवर Lock Home screen layout चालू केलं की खिशातून काढताना किंवा मुलांच्या हातून आयकॉन सरकत नाहीत. फोन सुचवतो ती ॲप डॉकमध्ये येत असतील तर तेही बंद करावं, कारण ती वापरानुसार जागा बदलत राहतात.