तीन फुटांवरचा लॅपटॉप आणि लिंकचा मिस्ड कॉल

परवा शेजारचे काका डाव्या हातात फोन धरून उजव्या हाताच्या एका बोटानं लॅपटॉपवर लिंक टाइप करत बसले होते. यूट्यूबवरचं तासाभराचं व्याख्यान त्यांना मोठ्या पडद्यावर बघायचं होतं. तीनदा टाइप करूनही व्हिडिओ उपलब्ध नाही असंच येत होतं, तेव्हा तो कुणीतरी काढून टाकला असणार, असा निष्कर्ष त्यांनी काढला होता.

व्हिडिओ जागेवरच होता. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओची खूण ११ अक्षरांची असते आणि प्रत्येक जागी ६४ पर्याय असतात: इंग्रजी मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, दहा अंक, शिवाय `-` आणि `_`. लिंकमधलं `youtube.com` मोठ्या अक्षरांत लिहा की छोट्या, काही बिघडत नाही. त्या ११ अक्षरांत मात्र मोठं आणि छोटं अक्षर म्हणजे दोन वेगळी चिन्हं. काकांनी मोठ्या `I` च्या जागी छोटा `l` टाइप केला होता. फोनच्या पडद्यावर दोन्ही उभी रेघच दिसतात, त्यात काकांचा काय दोष?

त्यांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर क्रोम आहे, आणि दोन्हीकडे एकाच गूगल खात्यानं साइन-इन केलेलं आहे. एवढं असलं की काम सोपं. पान फोनवरच्या क्रोममध्ये उघडायचं. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर आली असेल किंवा यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये असेल, तर ती कॉपी करून क्रोमच्या पट्टीत पेस्ट करायची. मग वरच्या तीन टिंबांतून Share, त्यात `Send to your devices`, आणि यादीतून आपला लॅपटॉप निवडायचा. काकांनी तो निवडला आणि लॅपटॉपच्या क्रोममध्ये वरच्या कोपऱ्यात सूचना उमटली. तिच्यावर क्लिक केलं, व्याख्यान सुरू.

"ब्लूटूथनं गेलं ना?" काका म्हणाले. ब्लूटूथ बंदच होतं. "मग दोन्ही एकाच वायफायवर आहेत म्हणून." मी फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटा सुरू केला आणि दुसरी लिंक पाठवली. तीही आली. टेबलावर दोन यंत्रांत तीन फुटांचं अंतर, पण लिंक आधी गूगलच्या सर्व्हरवर गेली आणि तिथून परत टेबलावर आली. (आयफोन आणि मॅक यांच्यातलं एअरड्रॉप मात्र खरोखरच ब्लूटूथनं शेजारी शोधतं आणि आपसातल्या वायफायनं माल पोचवतं. काकांचा अंदाज तिथे बरोबर ठरला असता.)

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. सर्व्हरनं काकांचा लॅपटॉप गाठला कसा?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अवघड आहे, कारण बाहेरच्या जगाला तो लॅपटॉप दिसतच नाही. इंटरनेटच्या जुन्या पद्धतीत पत्ते जेमतेम ४३० कोटींच्या आसपास, ते जगाला पुरणार कसे? म्हणून घरातल्या राउटरला बाहेरचा एक पत्ता मिळतो आणि घरातल्या यंत्रांना तो स्वतःच `192.168.1.7` असे खासगी पत्ते वाटतो. हाच पत्ता तुमच्या घरातल्या एखाद्या यंत्राचाही असू शकतो. त्यामुळे बाहेरून कुणी `192.168.1.7` ला निरोप धाडू म्हणेल तर ते शक्य नाही.

राउटरचं काम आमच्या सोसायटीच्या वॉचमनसारखं असतं. आतल्या कुणी बाहेर काही मागवलं की तो वहीत नोंद करतो: सातव्या घरानं अमक्याकडून मागवलंय. उत्तर घेऊन कुणी आलं की नोंद बघून आत सोडतो. न बोलावता आलेल्याला गेटवरूनच परत पाठवतो. नव्या पद्धतीत पत्ते भरपूर आहेत, पण वॉचमनची सवय तीच.

यावर तोडगा असा, की सर्व्हरनं लॅपटॉपला हाक मारायचीच नाही. क्रोम सुरू होताच स्वतःहून गूगलच्या सर्व्हरशी जोडणी करतो आणि ती सोडत नाही. दोन्हीकडून कुणी काही बोलत नाही, फोन नुसता कानाला लावून ठेवल्यासारखा. वॉचमनच्या वहीत त्याची नोंद असते, म्हणून त्या वाटेनं सर्व्हर हवं तेव्हा आत काही पाठवू शकतो. पण वॉचमन जुन्या नोंदी खोडत असतो. बराच वेळ शांतता राहिली तर ही नोंदही जाईल आणि वाट बंद होईल. म्हणून मधूनमधून लॅपटॉप एक अगदी छोटा निरोप धाडतो. त्याचा अर्थ एवढाच, की मी आहे, नोंद खोडू नका.

आणि त्या उघड्या वाटेनं लिंक येतच नाही! येतो तो फक्त इशारा, की तुमच्या खात्यात काहीतरी नवं आलंय. आपण मिस्ड कॉल देतो तसा. तो मिळाला की क्रोम स्वतः सर्व्हरकडे जाऊन काय नवं आहे ते विचारतो आणि लिंक घेऊन येतो. ही जोडणी बघताही येते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप करा (ही एक ओळ टाइप करण्याला पर्याय नाही, माफ करा):

```
netstat -n | findstr 5228
```

क्रोम चालू असेल तर बहुधा एक ओळ दिसेल, शेवटी `ESTABLISHED`. `5228` हा त्या वाटेच्या दाराचा क्रमांक.

लिंक 'सुपरफास्ट' पाठवणारी अ‍ॅप्स आणि त्यासाठी ५जी घ्या म्हणणारे सल्लागार यांच्याबद्दल एवढंच, की शंभर अक्षरांची लिंक म्हणजे साधारण शंभर बाइट. फोननं काढलेल्या एका फोटोत अशा हजारो लिंका मावतील. इथे वेग कमी पडतो तो बोटाचा, नेटवर्कचा नव्हे.

अडतं ते बहुतेक दोन जागी. यादीत लॅपटॉपच दिसत नसेल, तर खाती वेगळी आहेत: फोनवर घरचं, लॅपटॉपवर ऑफिसचं. क्रोममध्ये वर उजवीकडच्या गोल चित्रावर क्लिक केलं की कोणतं खातं चालू आहे ते कळतं. यादीत लॅपटॉप आहे पण सूचना येत नाही, असं झालं तर तो झोपलेला आहे का ते बघा. झाकण मिटलं की जोडणी तुटते, मग मिस्ड कॉल घ्यायला कुणी उरत नाही. लिंक मात्र सर्व्हरवर थांबून राहते.

काकांना हे पटेना. त्यांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं, फोनवरून एक लिंक पाठवली, चहा संपवला आणि झाकण उघडलं. आधी वायफायचं चिन्ह आलं, मग क्रोम जागा झाला, आणि थोड्या वेळानं कोपऱ्यात सूचना उमटली. काकांनी लगेच झाकण पुन्हा मिटलं. या वेळी त्यांना एकदम तीन पाठवून बघायच्या होत्या.